भाड्याच्या घराचं पहिलं वीजबिल: या चुका टाळा (व्हिडिओ स्क्रिप्ट)

[स्क्रीनवर: महावितरणचं घरगुती बिल, पूर्ण पान. नाव आणि ग्राहक क्रमांक झाकलेले.]

पहिलं बिल हातात आलं की नजर थेट आकड्यावर जाते. "दोन हजार एकशे त्र्याऐंशी? पंधरा दिवसांचे?" मग घरमालकाला फोन, थोडी वादावादी, आणि शेवटी "अर्धं तुम्ही, अर्धं आधीचा भाडेकरू" अशी तडजोड. ही तडजोड बहुतेक वेळा चुकीची असते. आज बिल उलट्या क्रमाने वाचू. रक्कम सगळ्यात शेवटी.

[क्लोजअप: मागील रीडिंग, चालू रीडिंग, युनिट ही ओळ.]

बिलाचा जीव या एका ओळीत आहे. चालू रीडिंगमधून मागील रीडिंग वजा केली की वापरलेली युनिट मिळतात. शेजारी गुणक अवयव असतो. घरगुती मीटरला तो 1 असतो, म्हणून तिकडे फार बघायचं कारण नाही. महत्त्वाच्या आहेत त्या रीडिंगच्या तारखा. बिल महिन्याच्या 1 तारखेपासून 30 पर्यंतचं नसतं, एका रीडिंगपासून पुढच्या रीडिंगपर्यंतचं असतं. इथेच पहिली चूक होते: किल्ली घेताना मीटरचा फोटो न काढणं.

एक उदाहरण घेऊ. समजा तुम्ही 10 जूनला कल्याणमध्ये एका वन बीएचकेत राहायला गेलात. बिलावर मागील रीडिंग 25 मेची, 8412. चालू रीडिंग 25 जूनची, 8608. म्हणजे 196 युनिट. आता किल्ली घेतली त्या दिवशीचा फोटो उघडा. त्यात आकडा आहे 8530. मग तुमची युनिट 78, आधीच्या भाडेकरूची 118. दिवस मोजले तर निम्मे निम्मे वाटतात, पण मे महिन्याच्या शेवटी त्यांचा एसी चालू होता आणि तुमच्याकडे अजून फ्रिजही आला नव्हता.

[स्क्रीनवर: मीटरचा डिस्प्ले, आकडे बदलताना.]

फोटो काढतानाही एक गोष्ट सांभाळा. डिजिटल मीटरचा डिस्प्ले एकाच आकड्यावर थांबत नाही. तारीख दिसते, वेळ दिसते, व्होल्टेज दिसतं, आणि एका स्क्रीनवर कमाल मागणीचा आकडा, 2.1 वगैरे. आपल्याला हवा तो आकडा ज्याच्या शेजारी kWh लिहिलंय तो. नुसतं kW असेल तर ती रीडिंग नाही. आणि मीटरवर छापलेला क्रमांकही त्याच फोटोत येऊ द्या.

तो क्रमांक कशासाठी? बिलावर मीटर क्रमांक असतो, तो जुळवून बघायला. जुन्या सोसायट्यांच्या मीटर रूममध्ये फ्लॅट नंबर खडूने नाहीतर मार्करने लिहिलेले असतात, ते अदलाबदल झालेले असू शकतात. शंका आली तर घरातला मेन स्विच बंद करून एकाला मीटरपाशी उभं करा. मीटरवरचा लुकलुकणारा लाल दिवा लुकलुकायचा थांबला पाहिजे. परत मेन चालू करून गिझर लावा, दिवा भराभर लुकलुकेल. घर बंद असूनही दिवा लुकलुकतच राहिला तर एकतर तो मीटर तुमचा नाही किंवा तुमच्या मीटरवर दुसऱ्या कुणाची लाइन आहे. दोन्हींत सोसायटीचा इलेक्ट्रिशियन आणि घरमालक, दोघांनाही बोलवायचं.

[क्लोजअप: स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, वीज शुल्क.]

आता पैसे. घरगुती दर टप्प्यांचे असतात: पहिली 100 युनिट स्वस्त, 101 ते 300 बरीच महाग, त्यापुढे आणखी. गैरसमज असा की 100 च्या वर एक युनिट गेलं की सगळीच युनिट महाग होतात. तसं नाही. फक्त वरची महाग होतात. दर वेळोवेळी बदलतात, म्हणून हिशेबापुरते सोपे आकडे धरू: वीज आणि वहन मिळून पहिल्या टप्प्याला 6 रुपये, दुसऱ्याला 12. मग 196 युनिटचे 100 गुणिले 6 म्हणजे 600, अधिक 96 गुणिले 12 म्हणजे 1152, एकूण 1752. स्थिर आकार 130 धरा. तो घर महिनाभर बंद असलं तरी लागतो. झाले 1882. यावर 16 टक्के वीज शुल्क, 301. बिल 2183. इंधन समायोजन आकार एखाद्या महिन्यात वाढतो, एखाद्या महिन्यात नसतोही. इथे शून्य धरलाय.

तुमचा वाटा युनिटच्या प्रमाणात काढला, 196 पैकी 78, तर साधारण 869 रुपये. निम्मे दिले असते तर 1092. आधीचा भाडेकरू म्हणेल, "स्वस्तातली पहिली 100 युनिट माझी." दोघांचं बिल एकच, तेव्हा टप्प्याचा फायदाही दोघांचा. अगदी काटेकोर व्हायचं तर स्थिर आकार दिवसांवर वाटा, पण त्याने दहा-वीस रुपयांचा फरक पडेल.

[क्लोजअप: रीडिंगच्या जागी "लॉक".]

रीडिंगच्या रकान्यात आकड्याऐवजी लॉक, आरएनए किंवा फॉल्टी असं काही दिसलं तर ते बिल मीटर न बघता, सरासरीवर काढलेलं आहे. इथे सरासरी आधीच्या भाडेकरूच्या वापराची असते, तुमची नव्हे. कमी आलं म्हणून खूश होऊन गप्प बसणं ही मोठी चूक, कारण खरी रीडिंग आली की उरलेली सगळी युनिट एका बिलात येतात. ते दोन महिन्यांचं असेल तर दोन गोष्टी तपासा. टप्पेही दुप्पट धरले पाहिजेत: 420 युनिट असतील तर 200 स्वस्त दराने, 220 पुढच्या दराने. आणि मागच्या सरासरी बिलाची रक्कम वजा झालेली दिसली पाहिजे. मीटर कुलूपबंद जागेत असेल तर महावितरणच्या अ‍ॅपवर फोटोसह रीडिंग स्वतः पाठवता येते.

[क्लोजअप: थकबाकी आणि सुरक्षा ठेव.]

थकबाकीची ओळ शून्य नसेल तर ती तुमच्या आधीची आहे का, हे घरमालकाला विचारूनच भरा. वीज कंपनीला भाडेकरू माहीत नसतो, तिच्यासाठी ग्राहक क्रमांक तोच. जुनं भरलं नाही तर वीज तुमचीच तुटेल, म्हणून भरावं लागलंच तर भाड्यातून वळते करायचं आधी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. वर्षातून एकदा अतिरिक्त सुरक्षा ठेवीचं वेगळं बिल येऊ शकतं. ते मासिक बिल समजून भरू नका. ठेव ज्याच्या नावावर जोडणी आहे त्याच्या खात्यात राहते, तिचं व्याजही त्यालाच मिळतं. म्हणजे ते बिल मालकाचं.

[स्क्रीनवर: बिलाचा खालचा भाग, तारखा.]

खाली दोन-तीन रकमा दिसतात: लवकर भरल्यास थोडी कमी, देय तारखेपर्यंत पूर्ण, नंतर भरल्यास विलंब आकार धरून. आणि बिलाचा एसएमएस तुम्हाला येतच नसेल, तर तो जुन्या भाडेकरूच्या मोबाइलवर जात असणार. मालकाला सांगून नोंदणीकृत नंबर बदलून घ्या. तोवर "आज रात्री वीज कापली जाईल, या नंबरवर फोन करा" असा मेसेज अनोळखी मोबाइलवरून आला तर त्या नंबरवर फोन न करता ग्राहक क्रमांक टाकून अ‍ॅपवर थकबाकी बघा.