चपलांच्या कपाटाची झडप सारखी निखळायची, त्याचा इलाज

विश्रामबागेतल्या आमच्या फ्लॅटचा पॅसेज जेमतेम तीन फुटी, म्हणून पुढे कलणाऱ्या झडपांचं रेडिमेड कपाट घेतलं होतं. आतली खोली १७ सेंटिमीटर. त्यात चप्पल-सँडल मस्त बसायच्या, पण माझे नऊ नंबरचे बूट एका ओळीत तिरके उभे केले की टाचा मागच्या फळीला घासायच्या आणि झडप दोन बोटं उघडीच राहायची. पुढे खालच्या झडपेचा एका बाजूचा पिनच सुटला.

मिस्त्री आले, स्क्रूचं भोक बघून म्हणाले, "दादा, पिन धड आहे, बोर्डाचा भुसा झालाय." झडप पूर्ण उघडली की बुटांसकट सगळा भार पिनावर आणि अटकावावर येतो, पोरं वर हात टेकतात तो वेगळाच. पार्टिकल बोर्डात बारीक स्क्रू तेवढा दम धरत नाही.

मग बाजूच्या फळ्या १८ मिलिमीटर प्लायच्या केल्या आणि खोली २० सेंटिमीटरवर नेली. प्लास्टिकऐवजी लोखंडी पट्टीचा अटकाव लावला, पिनाची पट्टी आरपार नट-बोल्टने आवळली. दोन ओळी हव्या असत्या तर खोली पंचवीसच्या पुढे गेली असती, आणि पॅसेजमध्ये ते परवडणारं नव्हतं.

मिस्त्रींनी कपाट वरून भिंतीलाही अँगलने जखडलं. एवढं उथळ कपाट, सगळ्या झडपा एकदम उघडल्या तर तोंडावरच यायचं. माझे जाड सेफ्टी शूज मात्र बाहेरच राहतात, ते त्या झडपेत मावतच नाहीत.