ताशी येणारे फोन आणि पॉयसन वितरण: सूत्रात किंमती भरण्याआधी या चुका टाळा

परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेचा मोबाइलवर काढलेला फोटो, आणि त्यात हा प्रश्न: "एका मदत केंद्रात ताशी सरासरी 6 फोन येतात. येणाऱ्या फोनची संख्या पॉयसन वितरणाला अनुसरते असे मानून (अ) 20 मिनिटांत एकही फोन न येण्याची, (आ) 20 मिनिटांत जास्तीत जास्त 2 फोन येण्याची आणि (इ) एका तासात किमान 4 फोन येण्याची संभाव्यता काढा. (e⁻² = 0.1353, e⁻⁶ = 0.0025)" बारावी वाणिज्यच्या विद्यार्थ्याला किंवा सांख्यिकीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला हा प्रश्न अनोळखी नसतो, आणि सूत्रही सहसा पाठ असते:

```
P(X = x) = e^(-m) * m^x / x!
```

तरीही उत्तर चुकते. असे का होते हे पाहण्यासाठी उत्तरपत्रिका बारकाईने वाचली, तर बहुतेक वेळा सूत्र बरोबर लिहिलेले असते आणि चूक त्याच्या आधी, म्हणजे m ची किंमत ठरवताना किंवा x च्या किंमती निवडताना झालेली असते. म्हणून या लेखात गणन कसे करावे यापेक्षा गणनाआधीच्या निर्णयांकडे अधिक लक्ष दिले आहे.

फोटोतून प्रश्न उतरवून घेताना

फोटोत सर्वांत आधी हरवतो तो घातांक. e⁻² मधले लहान अक्षरातले −2 खाली घसरून ओळीत आल्यासारखे दिसते आणि विद्यार्थी ते "e वजा 2" असे वाचतो. अशा वाचनाने 2.7183 − 2 = 0.7183 ही किंमत मिळते आणि पुढचे सगळे गणित बिघडते. कधी उणे चिन्ह इतके फिके उमटते की e² लिहिले जाते. त्याची किंमत 7.389 असल्यामुळे (अ) चे उत्तर 1 पेक्षा मोठे येते, आणि संभाव्यता 1 पेक्षा मोठी आली की मागे जाऊन पाहावे लागते हे उघडच आहे. 0.7183 मात्र संभाव्यता म्हणून शोभून दिसते, त्यामुळे पहिली चूक अधिक धोक्याची आहे.

यावर उपाय प्रश्नातच असतो. कंसात दिलेली 0.1353 ही किंमत फोटोत स्पष्ट दिसत असेल, तर ती e⁻² चीच आहे, कारण 1 पेक्षा लहान किंमत e च्या ऋण घाताचीच असते. दुसऱ्या किंमतीतला 6 अस्पष्ट असेल आणि तो 8 आहे की काय अशी शंका येत असेल, तर 0.1353 चा घन करून पाहावा. तो 0.0025 च्या जवळ येतो. म्हणजे दुसरा घातांक −2 च्या तिप्पट, −6 च आहे. e⁻⁸ ची किंमत 0.0003 इतकी लहान असते.

फोटो कडेला कापलेला असेल तर दुसरी अडचण येते. "ताशी" हा शब्द ओळीच्या सुरुवातीला असतो आणि तोच कापला जातो, मग "सरासरी 6 फोन" एवढेच उरते. एकक दिसत नसेल तर ते गृहीत धरू नये. इथेही कंसातल्या किंमती मदत करतात: −6 आणि −2 हे दोन्ही घातांक दिले आहेत, म्हणजे प्रश्नात 6 आणि 2 या दोन सरासऱ्या लागणार आहेत, आणि 20 मिनिटांसाठी 2 सरासरी असेल तर 6 ही तासाचीच असली पाहिजे.

सरासरीला भागायचे, संभाव्यतेला नाही

या प्रश्नातली सर्वांत जास्त गुण घालवणारी जागा हीच आहे. काही विद्यार्थी (अ) साठीही m = 6 घेतात आणि 0.0025 असे उत्तर लिहितात. ते उत्तर पूर्ण तासात एकही फोन न येण्याचे आहे. दुसरे काही जण 20 मिनिटे म्हणजे तासाचा तिसरा भाग हे ओळखतात, पण तासाची संभाव्यता काढून तिला 3 ने भागतात आणि 0.0008 वर पोहोचतात. ही दुसरी चूक समजून घेण्यासारखी आहे. काळ कमी केला तर फोन न येण्याची शक्यता वाढली पाहिजे, कारण तासभर शांतता राहण्यापेक्षा 20 मिनिटे शांतता राहणे कितीतरी सोपे आहे. आणि इथे तर ती घटली. उत्तराची दिशाच उलटी असल्याचे यावरून लगेच कळते.

योग्य रीत अशी: आधी काळाच्या प्रमाणात सरासरी बदलावी, m = 6 × 20/60 = 2, आणि मगच सूत्रात किंमती भराव्यात. त्यामुळे (अ) चे उत्तर P(X = 0) = e⁻² = 0.1353. इथे 2⁰ आणि 0! या दोन्हींची किंमत 1 आहे, 0! ला 0 मानले तर शून्याने भागण्याची वेळ येते.

तासातल्या तिन्ही 20 मिनिटांच्या खंडांत फोन आला नाही, तरच संपूर्ण तासात फोन आला नाही असे म्हणता येते. खंड एकमेकांपासून स्वतंत्र असल्यामुळे संभाव्यतांचा गुणाकार होतो: 0.1353 × 0.1353 × 0.1353, म्हणजे पुन्हा e⁻⁶. तास आणि 20 मिनिटे यांच्यातले नाते गुणाकाराचे आहे, म्हणून संभाव्यतेला 3 ने भागणे लागू पडत नाही. मात्र हा घन करण्याचा मार्ग फक्त "एकही नाही" या घटनेलाच लागू आहे. तासात नेमके 6 फोन येण्याची संभाव्यता 0.1606 आहे, तर प्रत्येक खंडात नेमके 2 फोन येण्याची केवळ 0.0198; कारण 6 फोन तीन खंडांत 2-2-2 असे न पडता 1-3-2, 0-2-4 अशा अनेक प्रकारांनीही पडू शकतात.

"किमान", "जास्तीत जास्त" आणि "पेक्षा जास्त"

(आ) मध्ये "जास्तीत जास्त 2" यात 0, 1 आणि 2 हे तिन्ही येतात. 0 विसरणारे पुष्कळ असतात, कारण "फोन येण्याची संभाव्यता" असे शब्द वाचताना फोन आलाच पाहिजे असे मनात बसते. m = 2 साठी पदे e⁻²(1 + 2 + 2) अशी होतात, म्हणून उत्तर 5 × 0.1353 = 0.6765.

(इ) मध्ये "किमान 4" म्हणजे 4, 5, 6 आणि पुढे न संपणारी यादी. ती बेरीज थेट करत बसू नये. पूरक घटना घ्यावी, आणि ती कोठे थांबते हे संख्या प्रत्यक्ष मांडून ठरवावे. 0, 1, 2, 3 नको आहेत, 4 हवा आहे, म्हणून P(X ≥ 4) = 1 − P(X ≤ 3). अनेक जण सवयीने 4 पर्यंत बेरीज करून 1 मधून वजा करतात आणि "4 पेक्षा जास्त" या न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देतात.

m = 6 साठी पहिली चार पदे e⁻⁶(1 + 6 + 18 + 36) = 61 × 0.0025 = 0.1525, म्हणून उत्तर 0.8475. चुकून 4 चे पदही (54) घेतले, तर 115 × 0.0025 = 0.2875 होऊन उत्तर 0.7125 येते. एका पदाने एवढा फरक पडतो, कारण 4 ही संख्या सरासरीच्या जवळ आहे आणि तिथली पदे मोठी असतात.

हेच उत्तर संगणकावर पडताळायचे असेल तर स्प्रेडशीटमध्ये असे लिहावे:

```
=1-POISSON.DIST(3,6,TRUE)
```

इथे शेवटी TRUE ऐवजी FALSE लिहिले तर 1 मधून बेरीज वजा न होता फक्त X = 3 चे पद वजा होते. आणि हे सूत्र 0.8488 दाखवते, 0.8475 नाही, म्हणून आपले उत्तर चुकले असे समजू नये. e⁻⁶ ची अधिक अचूक किंमत 0.002479 आहे, प्रश्नात ती 0.0025 अशी पूर्णांकित केली आहे आणि 61 ने गुणल्यावर तो लहानसा फरक मोठा होतो. परीक्षेत दिलेली किंमतच वापरावी.

प्रत्यक्ष फोनच्या नोंदींना हेच वितरण लावताना

कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या आग्नेर क्रारुप एरलांग यांनी 1909 मध्ये दाखवले, की स्वतंत्रपणे येणाऱ्या टेलिफोन कॉलची संख्या पॉयसन वितरणाने सांगता येते. यामागचे कारण असे, की ग्राहक खूप असतात आणि त्यांपैकी कोणताही एक जण याच तासात फोन करेल याची शक्यता फार लहान असते. 3000 ग्राहक आणि प्रत्येकाची शक्यता 0.002 असे धरले तर सरासरी 6 येते, आणि द्विपद वितरणाने "एकही नाही" याची संभाव्यता 0.00246 निघते, जी पॉयसनच्या 0.00248 ला अगदी जवळ आहे. "दुर्मीळ" असते ते एका ग्राहकाचे फोन करणे. एकूण फोन कमीच असले पाहिजेत असा त्याचा अर्थ नाही. m = 6 पाहून "ही घटना दुर्मीळ कशी" असे विचारून वितरणच नाकारणाऱ्यांचा गोंधळ इथे असतो.

प्रश्नात "असे मानून" हे शब्द आहेत, तोवर काळजी नाही. प्रत्यक्ष मदत केंद्राच्या नोंदी हाती आल्या की हे गृहीतक तपासावे लागते, आणि ते सर्वाधिक वेळा मोडते ते दिवसभराचे तास एकत्र मिसळल्याने. समजा, निम्म्या तासांत सरासरी 2 आणि निम्म्या तासांत सरासरी 10 फोन येतात. एकूण सरासरी 6 च आहे, पण यातला कोणताही एक तास उचलला तर त्यात फोन न येण्याची संभाव्यता सुमारे 0.0677 होते, म्हणजे 0.0025 च्या 27 पट. सरासरी बरोबर असूनही अंदाज इतका फसतो.

हे ओळखण्याची खूण प्रचरणात, म्हणजे प्रमाण विचलनाच्या वर्गात सापडते. पॉयसन वितरणात ते सरासरीइतकेच असते. वरच्या मिश्रणात ते 6 + 16 = 22 होते, कारण 6 मधली यादृच्छिकता राहतेच आणि 2 व 10 यांच्यातल्या अंतराची भर वेगळी पडते. वीज गेल्यावर एकाच वस्तीतून येणारे फोन, किंवा लाइन व्यस्त लागल्याने पुन्हा पुन्हा तोच नंबर फिरवणारे ग्राहक, यांमुळेही प्रचरण असेच फुगते, कारण तिथे फोन एकमेकांपासून स्वतंत्र राहत नाहीत. उलट फक्त उचललेल्या फोनची नोंद ठेवली असेल, तर गर्दीच्या तासांत आकडा कर्मचाऱ्यांच्या क्षमतेपाशी अडकतो आणि प्रचरण खोटे लहान दिसते. म्हणून नोंद आलेल्या सर्व फोनची हवी.

तपासणी एकाच प्रकारच्या तासांवर करावी, उदाहरणार्थ सलग मंगळवारी सकाळी 11 ते 12. अशा 10 तासांत 3, 8, 6, 10, 5, 4, 9, 2, 7, 6 असे फोन आले, तर सरासरी 6 आणि प्रचरण 60/9, म्हणजे सुमारे 6.7 आहे, या नोंदींत पॉयसन वितरणाविरुद्ध काही दिसत नाही. मात्र इतक्या थोड्या नोंदींवर प्रचरण आणि सरासरी यांचे गुणोत्तर निव्वळ योगायोगाने साधारण 0.3 पासून 2.1 पर्यंत हलू शकते, त्यामुळे ते 1.5 आले म्हणून वितरण टाकून देऊ नये. ते 22/6 सारखे साडेतीनच्या पुढे गेले, तर मात्र आधी तास वेगळे करावेत आणि प्रत्येक गटासाठी m स्वतंत्रपणे काढावा.