दोन स्पीकर बदलले, घोळ मागच्या फळीत होता

माझ्याकडे गिटारचं 20 वॅटचं ट्यूब हेड, म्हणजे स्पीकर नसलेलं अँप, आणि एका 12 इंची स्पीकरचं कॅबिनेट होतं. कॅबच्या मागे तीन आडव्या फळ्या, त्यातली मधली काढून ठेवलेली, म्हणजे ओपन बॅक. या जोडीवर मी दीड-दोन वर्षं वैतागलो. दोन स्पीकर विकत घेतले, एक विकला, आणि शेवटी कळलं की स्पीकरचा दोष फार थोडा होता. नव्याने कॅब घेणाऱ्यांनी तरी हा फेरा चुकवावा म्हणून लिहितोय. ओहम कसे जुळवायचे, ट्यूब अँप स्पीकर न जोडता का चालू करायचं नाही, हे तुम्हाला येतं असं धरून चालतो. येत नसेल तर आधी ते शिका, नाहीतर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळून जाईल.

तक्रार अशी होती. सरावाच्या खोलीत कॅब जमिनीवर, मी त्याच्या शेजारी, अगदी बाजूला उभा. मला माझा आवाज नाकातून आल्यासारखा यायचा. खाली बास नाही, वर धार नाही, नुसता मिड. मग मी बास 8 वर नेला, ट्रेबल 8 वर नेला, आणि समोर बसलेला मित्र कानावर हात ठेवून म्हणाला, "अरे, टाचणी टोचल्यासारखं होतंय." मला वाटलं त्याला गिटारमधलं काही कळत नाही. त्याला व्यवस्थित कळत होतं.

मी काय करायला हवं होतं? कॅबच्या समोर तीन मीटरवर जाऊन खाली बसायला हवं होतं, एवढंच. मी काय केलं? रात्र-रात्र स्पीकरांच्या तुलनेचे व्हिडिओ बघितले. त्यात स्पीकर बदलला की फरक ठळक ऐकू यायचा, पण ओपन आणि क्लोज्ड बॅकमध्ये जेमतेम. म्हणून मी ठरवून टाकलं की मागची फळी गौण आहे आणि स्पीकर बदलायला हवा.

मी अडकलो तो इथे. त्या व्हिडिओंमध्ये माइक जाळीच्या कापडापासून दोन-तीन सेंटीमीटरवर असतो. इतक्या जवळून स्पीकरच्या तोंडचा आवाज इतका मोठा येतो की मागून बाहेर पडून, भिंतीला लागून, वळसा घालून येणारा आवाज त्याच्यापुढे नगण्य ठरतो. ओपन बॅकचा सगळा खेळ त्या मागच्या आवाजाचा, आणि माइकने नेमका तोच गाळलेला. म्हणजे जवळच्या माइकवर स्पीकरची तुलना होते, कॅबच्या पाठीची होत नाही. तुम्ही नेहमी माइक लावूनच रेकॉर्ड करणार असाल आणि खोलीत कोणी ऐकणारच नसेल, तर हा अर्धा लेख सोडून द्या, खरंच. पण बँडबरोबर एका खोलीत वाजवणार असाल तर वाचा.

स्पीकरचा कागद पुढे ढकलला जातो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. मागचा आवाज पुढच्याच्या बरोबर उलटा असतो. पाठ उघडी असली की तो कडेवरून वळून पुढे येतो. माझ्या कॅबमध्ये हा वळसा साधारण अर्धा मीटरभर. खालच्या ई तारेचा मूळ स्वर 82 हर्ट्झचा, त्याची लहर चार मीटरहून लांब. चार मीटरच्या लहरीला अर्ध्या मीटरच्या वळशाचं काहीच वाटत नाही, ती जवळजवळ तशीच उलटी येऊन पुढच्या आवाजाला खाऊन टाकते. म्हणून ओपन बॅकमध्ये खालचा बास पातळ. 300 हर्ट्झच्या आसपास मात्र लहर सव्वा मीटरच्या आतली. तिथे अर्धा मीटर म्हणजे साधारण अर्धी लहर, उलटा आवाज सुलटा होऊन पोहोचतो आणि भर घालतो. लोक ओपन बॅकला 'मोकळा', 'श्वास घेणारा' म्हणतात, त्यातला काही भाग हा आणि उरलेला मागच्या भिंतीचा.

आता कॅबच्या बाजूला उभे राहा. तिथे पुढचा आणि मागचा आवाज जवळपास सारखंच अंतर कापून पोहोचतो, म्हणजे बासची कत्तल सगळ्यात जास्त तिथेच. शिवाय ट्रेबल बाजूला येतच नाही. 3000 हर्ट्झची लहर 11-12 सेंटीमीटरची आणि कागद त्याच्या दुपटीहून रुंद, त्यामुळे वरचा आवाज टॉर्चच्या झोतासारखा सरळ पुढे जातो. मी दीड वर्ष बरोबर त्या जागी उभा होतो जिथे बासही नाही आणि ट्रेबलही नाही, आणि त्या जागेवरून बटणं फिरवत होतो!

पुढचा मूर्खपणाही सांगून टाकतो. ग्रीनबॅक नावाचा स्पीकर काढून मी व्हिंटेज 30 नावाचा घातला. कागदोपत्री पहिल्याची संवेदनशीलता 98 डेसिबल, दुसऱ्याची 100. दोन डेसिबल ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण तेवढ्यासाठी अँपला दीडपटीहून थोडी जास्त ताकद लागते. व्हिंटेज 30 वर माझं 20 वॅटचं अँप ग्रीनबॅकवरच्या 32 वॅटच्या अँपइतकं वाटेल, तेवढा फरक. कान मोठ्या आवाजाला चांगला आवाज समजतो, त्यामुळे पहिले चार दिवस मी खूश. त्यात व्हिंटेज 30 चा अप्पर मिड पुढे येणारा. समोरच्या मित्राची टाचणी आता खिळा झाली. स्पीकरची तुलना करायची तर फोनवरचं आवाज मोजायचं अॅप समोर ठेवा आणि दोन्ही वेळा एकाच आकड्यावर आणा. फोनचा आकडा खरा असेलच असं नाही, पण दोन आकड्यांतला फरक कळायला तो पुरतो.

तेव्हा एका अनुभवी दादाने सल्ला दिला: "क्लोज्ड कर, रॉकला क्लोज्डच लागतं." हे 'ब्लूजला ओपन, रॉकला क्लोज्ड' प्रकरण मला आता ऐकवत नाही. व्हॉक्सचा एसी30 अँप ओपन बॅकच असतो आणि त्याच्यावर किती रॉक वाजलंय ते तुम्हाला माहीत आहे. पण तेव्हा मी मुकाट मधली फळी लावली, घाईत दोनच स्क्रूंवर.

बास आला, शेजारी उभ्या असलेल्या मलाही आला. कारण मागचा आवाज आता पेटीत कोंडला होता. पण कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी वागते आणि कागदाला ताठ करते. मोकळ्या हवेत 75 हर्ट्झला घुमणारा स्पीकर माझ्या 55 लिटरच्या पेटीत अंदाजे 115 च्या आसपास घुमू लागला. त्या जागी ठोसा बसतो आणि त्याच्या खाली आवाज झपाट्याने उतरतो. म्हणजे क्लोज्ड बॅकचा बास नेहमी जास्त खोल असतो असं नाही, तो घट्ट असतो. छोट्या पेटीत तर तो 'बुम' होऊन एका जागी चिकटून बसतो.

त्यात ट्यूब अँप तेल ओततं. स्पीकर जिथे घुमतो तिथे त्याचा इंपिडन्स, म्हणजे करंटला होणारा विरोध, 8 ओहमवर राहत नाही, कित्येक पटींनी चढतो, आणि वर ट्रेबलकडेही हळूहळू चढत जातो. ट्रान्झिस्टर अँप साधारणपणे त्याची फिकीर न करता तोच व्होल्टेज देत राहतं. ट्यूब अँप मात्र इंपिडन्स चढेल तिथे जास्त व्होल्टेज देतं, निगेटिव्ह फीडबॅक कमी असेल तर आणखीच. म्हणून तोच स्पीकर, तीच पेटी, पण ट्यूबवर बासचा उंचवटा आणि वरची चमक दोन्ही जास्त. 'स्पीकर अँपचा टोन घडवतो' म्हणतात त्यात हेही येतं: स्पीकर आणि पेटी मिळून अँपला सांगतात की कुठे जोर लावायचा. मित्राच्या ट्रान्झिस्टर अँपवर ऐकून आपल्या ट्यूब अँपसाठी स्पीकर घेऊ नका. मी घेतला होता. दुसरा स्पीकर तोच.

आणि ए तार मोकळी वाजवली की खर्रर्र. 110 हर्ट्झ, बरोबर त्या उंचवट्यावर. मला वाटलं कॉइल घासतेय, स्पीकर गेला. पोटात गोळा आला. नंतर वाजवता वाजवता मागच्या फळीवर तळहात टेकवला आणि आवाज बंद. दोन स्क्रूंवरची फळी थरथरत होती. आठ स्क्रू लावले, कडेला फोमची पट्टी चिकटवली, संपलं. तेव्हा एकाच स्वरावर खरखर आली तर स्पीकरचं मरण जाहीर करण्याआधी फळ्या, हँडल, जॅकची पट्टी हाताने दाबून बघा. बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

एवढं करून ड्रमरची नवी तक्रार. तो कॅबच्या मागे बसायचा. "तुझं काही ऐकूच येत नाही, नुसतं धब् धब्." बरोबरच होतं. क्लोज्ड बॅकच्या मागे फक्त वळून आलेला बास पोहोचतो. ओपन असताना त्याला मागच्या बाजूने सगळं मिळत होतं आणि मी ते बंद करून टाकलं होतं.

त्यानंतर मी पहिल्यांदा शहाण्यासारखं वागलो. लूपरवर आठ मात्रांचा तुकडा भरला: खालची ई तार दाबून, एक मोकळा कॉर्ड, वर दोन स्वर. तो फिरत ठेवला, टोनची सगळी बटणं मधोमध केली आणि गिटार खाली ठेवून कॅबभोवती चाललो. समोर तीन मीटरवर खुर्चीत, मग बाजूला, मग ड्रमरच्या जागी. मग फळी काढून पुन्हा तेच, मग कॅब भिंतीपासून हातभर पुढे ओढून पुन्हा तेच. ओपन असताना भिंतीचं अंतर बदललं की आवाज बदलतो, क्लोज्डला त्या मानाने फारच कमी. तासभर लागला. घाबरू नका, यात कान फार तयार लागत नाही. फरक इतका ढोबळ आहे की मला माझी दोन वर्षं आठवून लाज वाटली.

शेवटी मधल्या फळीच्या जागी अरुंद फळी बसवली आणि दहा सेंटीमीटरची फट ठेवली. पुरता बंदिस्तपणा नाही, पण पाठ बरीचशी झाकलेली. बास थोडा सावरला, ड्रमरलाही ऐकू येतं. कॅब खुर्चीवर, मागे कललेलं, म्हणजे झोत माझ्या गुडघ्यांऐवजी कानांवर. मी आता दोन पावलं पुढे आणि आत उभा राहतो. ट्रेबल 4 वर, बास 5 वर. ग्रीनबॅक परत आत गेला. आवाज वाढवला की तो थोडा दबतो, मला ते आवडतं, आणि 25 वॅटच्या स्पीकरला माझं 20 वॅटचं अँप, जोरात लावलं तरी, सहन होतं. 50 वॅटचं हेड असेल तर असा एकटा ग्रीनबॅक लावू नका, कॉइल जळेल.

व्हिंटेज 30 खोक्यात पडून आहे. मधल्या फळीचे सुटे झालेले स्क्रू त्याच खोक्यात आहेत.