‘नाही’चं पत्र लिहायला बसण्याआधी

चंदगडच्या काजू कारखान्याचं खरेदी, साठा आणि विक्रीबिलाचं सॉफ्टवेअर मी बेळगावात बसून करतोय. ठरलेले 48,000. परवा कारखान्याच्या अण्णांचा फोन आला, “काजू फोडणाऱ्या बायकांची हजेरी आणि किलोवर मजुरी पण त्यातच घाला की.” मी सवयीनं “बघूया” म्हणालो. आपल्याकडं ‘बघूया’ म्हणजे निम्मं ‘हो’. म्हणून पत्राआधी अण्णांना फोन करायचा. नकार आधी तोंडी कानावर गेला, की कागद वाचून राग येत नाही.

मग सहीचं कोटेशन काढून समोर ठेवायचं. त्यात सहा स्क्रीन नावानिशी आहेत, मजुरी कुठंच नाही. पत्रात तेवढंच लिहायचं: “आपली गरज रास्त आहे, पण 6 स्क्रीनच्या मूळ कामात मजुरीचा हिशेब धरलेला नव्हता. तो वेगळं काम म्हणून करून देऊ शकतो.” ‘सध्या जमणार नाही’ लिहायचं नाही, त्याचा अर्थ पुढं फुकटात जमेल असा होतो.

दर अंदाजानं सांगायचा नाही, तास मोजायचे. रोजची किलोनोंद 7, दर आणि उचल वजा करणं 6, आठवड्याची पावती 4, तपासणी 5, शिकवणं 3. एकूण 25 तास, तासाला 700 प्रमाणे 17,500. त्यावर 18 टक्के जीएसटी 3,150, म्हणजे 20,650. अण्णांची जीएसटी नोंदणी महाराष्ट्रातली, माझी कर्नाटकातली, म्हणून बिलावर आयजीएसटी. हेच काम खानापूरच्या गिऱ्हाइकाचं असतं तर केंद्राचे 9 आणि राज्याचे 9 टक्के अशी फोड. रक्कम तीच, पण चुकीच्या रकान्यात टाकली तर बिल परत येतं.

या वाढीव कामालाही कुंपण हवं. पीएफ, ईएसआयचा हिशेब यात नाही, हे आत्ताच लिहायचं. नाहीतर पुढच्या महिन्यात हेच पत्र पुन्हा.

तारखेचं मात्र नीट बघायला हवं, कारण अण्णांना पैशापेक्षा तीच जास्त लागते. मूळ काम 30 तारखेला द्यायचंय. मजुरी आत्ताच मध्ये घातली तर 8 दिवस पुढं जातं. मूळ काम दिल्यावर घेतली तर 30 तारीख हलत नाही. दोन्ही पर्याय लिहायचे आणि मी दुसरा सुचवतोय हेही. तिसरी वाट अण्णांची स्वतःची: मजुरीची वही चालू ठेवायची. ती निवडली तरी मूळ काम ठरल्याप्रमाणेच, हे वाक्य विसरायचं नाही.

हा दर फक्त 15 दिवसांपुरता, निम्मी रक्कम आगाऊ. ईमेलवर “मंजूर” एवढा शब्द आला की सुरुवात. फोनवरच्या “चालू करा”वर नाही.