टीआरसी काढताय? आधी कालावधी लिहा

टीआरसी म्हणजे तुम्ही करासाठी भारताचे रहिवासी आहात असं आपल्या आयकर खात्याचं सर्टिफिकेट. परदेशातून येणाऱ्या पैशांवर करार-दराने कमी कर कापला जावा म्हणून ते लागतं. कागदपत्रं: पॅन, पासपोर्ट, रिटर्नची पोचपावती, करारपत्र. हे तुम्ही घेणारच, त्यावर वेळ घालवत नाही. चारही ठिकाणी नाव एकाच स्पेलिंगने आहे ना, तेवढं बघा.

आता कालावधी. टीआरसीच्या अर्जात, म्हणजे फॉर्म 10FA मध्ये, सर्टिफिकेट कोणत्या काळासाठी हवं ते विचारतात. गेल्या वेळी मी तिथे एकच आर्थिक वर्ष लिहून मोकळा झालो आणि अर्ध्या पैशांसाठी ते सर्टिफिकेट कुचकामी ठरलं. आपलं वर्ष एप्रिल ते मार्च, जर्मनीचं जानेवारी ते डिसेंबर. तिकडचा प्रकाशक ‘2025 चं सर्टिफिकेट पाठवा’ म्हणतो तेव्हा त्याला आपली दोन वर्षं लागतात: 2024-25 आणि 2025-26.

माझी चित्रं वापरण्याची रॉयल्टी 20,000 युरो होती, 10,000 फेब्रुवारी 2025 मध्ये आणि 10,000 जूनमध्ये. जर्मन कायद्याने कपात 15.825 टक्के, दुहेरी कर टाळण्याच्या भारत-जर्मनी कराराने 10 टक्के. म्हणजे प्रत्येक हप्त्यामागे 582.50 युरोंचा फरक. तो इथल्या करातून वळता करून घेऊ असं वाटत असेल तर विसरा. आयकर नियम 128 प्रमाणे कराराच्या दरापेक्षा जास्त कापलेल्या कराचं क्रेडिट भारतात मिळत नाही. ते पैसे जर्मनीकडूनच मागावे लागतात. म्हणून अर्ज भरण्याआधी कागदावर हप्त्यांच्या तारखा मांडा, प्रत्येकीसमोर आपलं आर्थिक वर्ष लिहा, आणि जितकी वर्षं निघतील तितके अर्ज करा. फेब्रुवारी एका वर्षात, जून दुसऱ्या. पुन्हा सांगतो, हप्ता येतो ती तारीख बघा, प्रकाशकाबरोबरच्या करारपत्रावर सही केली ती नाही.

यातच दुसरी मेख आहे. चालू वर्षाचं सर्टिफिकेट मागायला गेलात की ‘182 दिवस पूर्ण होऊ द्या’ असं ऐकायला मिळू शकतं. एप्रिलपासून मोजलं तर 182 वा दिवस 29 सप्टेंबरला येतो, आणि पैसे तर जूनमध्ये येणार. पण रहिवासी ठरायला दुसरी कसोटीही आहे: चालू वर्षात 60 दिवस आणि त्याआधीच्या चार वर्षांत मिळून 365 दिवस भारतात. कायम पुण्यात राहणाऱ्याचे 60 दिवस 30 मे रोजीच भरतात. अर्जात रहिवासी असल्याचा आधार विचारतात, तिथे हीच कसोटी लिहा आणि पाच वर्षांचा दिवसांचा तक्ता जोडा. वर्षाच्या मध्येच नोकरीसाठी परदेशी निघालेल्या भारतीय नागरिकाला मात्र 182 च लागतात, त्याने ही पळवाट शोधू नये. पासपोर्टची सगळी पानं जोडा, कोरीसुद्धा, नाहीतर शिक्क्यांचं पान राहिलं म्हणून एक फेरी पडते.

अर्ज कुणाकडे? तुमच्या असेसिंग ऑफिसरकडे. ई-फायलिंगच्या प्रोफाइलमध्ये ज्युरिस्डिक्शन दिसतं, ते आधी बघा. पूर्वी एनआरआय म्हणून रिटर्न भरत होतात तर पॅन अजून इंटरनॅशनल टॅक्सेशनच्या वॉर्डात पडलेला असू शकतो. तो तिथून हलवून घेतल्याशिवाय कुणी हात लावत नाही, आणि हलवायला वेळ लागतो. अजून एक: पोर्टलवर 10F दिसला म्हणून तो भरत बसू नका. तो भारतात कमावणाऱ्या परदेशी रहिवाशांचा. आपला 10FA, आणि हातात पडणारं सर्टिफिकेट 10FB. 1 एप्रिल 2026 पासून नवा कायदा लागू आहे, त्यापुढच्या वर्षासाठी फॉर्मचे नंबर नव्या नियमांत बघून घ्या.

10FB हातात पडलं की टेबलावरून उठण्याआधी ‘valid for the period’ ही ओळ वाचा. तारखा तुमच्या कागदाशी जुळवा. नावाचं स्पेलिंग नंतर.

पुढचं भराभर. जर्मनीत नुसतं सर्टिफिकेट दाखवून कपात कमी होत नाही, बॉनच्या केंद्रीय कर कार्यालयाकडून सवलतीचा दाखला काढावा लागतो, आणि तो फार तर अर्ज त्यांना पोचल्या दिवसापासून लागू होतो, मागच्या तारखेने नाही. आधी कापलं गेलं असेल तर पैसे मिळाले ते वर्ष संपल्यापासून चार वर्षांत परतावा मागा. कापलेल्या 10 टक्क्यांचं क्रेडिट इथे मिळवायला फॉर्म 67 भरा. सगळ्याच्या स्कॅन प्रती ठेवा, फाइलला नाव देताना कालावधी घाला.