चॅनेलचं बजेट पडत्या महिन्यांवर बांधा

यूट्यूबच्या जाहिरातींचं उत्पन्न दिवाळीच्या आसपास चढतं आणि जानेवारीत हमखास बसतं. त्यामुळे सहा महिन्यांची सरासरी काढून एडिटरला शब्द देऊ नका. सर्वांत कमी कमाईच्या तीन महिन्यांची सरासरी धरा.

समजा, एखाद्या पाककृतींच्या चॅनेलला सहा महिन्यांत 7, 9, 8, 18, 16 आणि 6 हजार रुपये मिळाले. तळातले तीन महिने धरले तर सरासरी 7,000 येते. एडिटिंग आणि थंबनेल मिळून एका व्हिडिओला 2,300 रुपये लागतात. कॅमेरा, माइक, लाइट 54,000 चे. ते तीन वर्षं टिकतील असं धरलं तर महिन्याला 1,500 बाजूला ठेवायचे. (ही रक्कम बहुतेक जण विसरतात, मग कॅमेरा बिघडला की उधारी.) चार व्हिडिओंचा खर्च 10,700 होतो, म्हणजे झेपत नाही. दोनच केले तर 6,100 मध्ये भागतं. तिसरा व्हिडिओ वरकड पैसे आले तरच, आणि एडिटरशी ठरवताना दर व्हिडिओमागे ठरवा, महिन्याचा पगार नको.

पैसे हातात उशिरा येतात हेही धरा. ऑक्टोबरची कमाई साधारण 21 ते 26 नोव्हेंबरदरम्यान निघते, तीही खात्यात 100 डॉलर साठले असतील तरच. एडिटर इतका थांबणार नाही, म्हणून दोन महिन्यांचे त्याचे 9,200 रुपये आधीच वेगळ्या खात्यात हवेत. यूट्यूब स्टुडिओत दिसणारा आकडा अंदाजी असतो. अवैध क्लिकचे पैसे नंतर कापले जातात.