मांजरीची पिल्ले बारा आठवड्यांपर्यंत आईजवळ कशी ठेवावीत

पंचवटीतील आमच्या घराच्या माळ्यावर एका फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात मांजर व्यायली. चार पिल्ले द्राक्षांच्या रिकाम्या खोक्यात वाढू लागली आणि मार्चच्या मध्यापर्यंत चौघांनाही मागणी आली. सिडकोत राहणारी माझी आतेबहीण म्हणाली, "दादा, ते आता बशीतलं खातंय, दूध सुटलंय, मग थांबायचं कशासाठी?" मी एक बोका तिला देऊन टाकला. उरलेली तीन पिल्ले एप्रिलअखेरपर्यंत आईजवळ राहिली. त्यामुळे दोन्ही प्रकारची वाढ एकाच घरातील पिल्लांमध्ये पाहायला मिळाली.

दूध सुटणे आणि शिक्षण पूर्ण होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले नव्हते. पिल्लू चौथ्या आठवड्यापासून घन अन्न चाटू लागते आणि सातव्या-आठव्या आठवड्यात बहुधा त्यावर जगू शकते. भावंडांशी त्याची झटापट मात्र चौथ्या आठवड्याच्या सुमारास सुरू होऊन नवव्या आठवड्यानंतर ऐन भरात येते. म्हणजे सहाव्या आठवड्यात दिलेले पिल्लू शाळा सुरू होते न होते तोच घरी आणलेल्या मुलासारखे असते.

आधी वय नक्की करावे

जन्मतारीख ठाऊक असेल तर ती दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी आणि बारा आठवडे मोजावेत. ती ठाऊक नसेल तर स्वयंपाकघरातील वजनकाट्याचा उपयोग होतो. जन्मताना साधारण 100 ग्रॅम असलेले निरोगी पिल्लू आठवड्याला जवळपास तेवढीच भर घालते आणि दोन महिन्यांचे होताना सुमारे 900 ग्रॅम भरते. डोळे साधारण सात ते चौदा दिवसांत उघडतात, त्यामुळे "डोळे उघडले" ही खूण पिल्लू देण्यासाठी अजिबात पुरेशी नाही.

सातव्या आठवड्यापर्यंत माणसांची सवय लावावी

आईजवळ ठेवणे म्हणजे माळ्यावर टाकून विसरणे नव्हे, आणि मला वाटते की बहुतेक जण इथेच चुकतात. पिल्लाला माणसांची ओळख पटण्याचा नाजूक काळ साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात असतो. या काळात माणसाचा हात लागला नाही, तर बारा आठवडे आईजवळ राहिलेले पिल्लूही घरात कोणी आले की कपाटामागे दडून बसते. म्हणून रोज अर्धा ते एक तास, थोडा थोडा करून, पिल्लांना हातात घ्यावे. हात एकाच माणसाचा नसावा. आजोबा, लहान मूल, शेजारी अशी निदान तीन-चार माणसे असावीत. कुकरची शिट्टी, मिक्सर आणि दाराची घंटा हे आवाजही त्यांनी आईच्या कुशीत असतानाच ऐकलेले बरे. आई निवांत असेल तर पिल्लेही निवांत राहतात. मात्र पहिल्या दोन आठवड्यांत फार ढवळाढवळ करू नये, नाहीतर मांजर पिल्लांना सात घरे फिरवते ही म्हण खरी ठरते आणि पिल्ले शेजारच्या पत्र्याखाली जाऊन बसतात.

पुढचे पाच आठवडे भावंडांना खेळू द्यावे

काळ्या-पांढऱ्या पिल्लाने बहिणीचा कान दातांत धरला आणि जरा जास्तच दाबला. ती किंचाळली, अंग सोडवून खोक्यामागे गेली आणि काही वेळ बाहेर आलीच नाही. त्याने दोनदा पंजा पुढे करून पाहिला, पण खेळ संपला होता. थोड्या वेळाने त्याने पुन्हा कान धरला, तो या वेळी हलकेच. हे असे दिवसातून अनेकदा घडते. दात किती दाबावेत आणि नखे कधी आत ओढावीत हे पिल्लू अशा रीतीने शिकते. आईचा धडा याहून कडक असतो. दुधाला लगटणाऱ्या मोठ्या पिल्लावर ती फिसकारते, त्याला पंजाने दाबून धरते किंवा सरळ उठून उंच फळीवर जाते. आपल्याला तिची दया येत नाही, उलट ती दुष्ट वाटते, आणि आपण पिल्लू उचलून घेतो. तसे करू नये, कारण हवे ते मिळाले नाही तरी शांत राहण्याचे शिक्षण ती त्याला देत असते.

खेळ आणि भांडण ओळखता यायला हवे. खेळात सहसा आवाज कमी असतो, आणि जो खाली पडतो तोच थोड्या वेळाने वर असतो. सतत फिसकारणे, चपटे झालेले कान, फुगलेली शेपटी आणि एकच पिल्लू दर वेळी लपत राहणे ही भांडणाची लक्षणे आहेत. अशा वेळी हात मध्ये घालू नये, दोघांमध्ये पुठ्ठा धरावा. या आठवड्यांत आपली बोटे खेळणे म्हणून नाचवू नयेत. काठीला बांधलेली चिंधी पुरते.

पहिली लस साधारण आठव्या आठवड्यात आणि दुसरी तीन-चार आठवड्यांनी दिली जाते, त्यामुळे दोन्ही डोस आईच्याच घरी होतात, हा वाढीव फायदा. मात्र अंगावर पाजणारी मांजरही पुन्हा गाभण राहू शकते. म्हणून तिला या काळात बाहेर सोडू नये आणि दूध आटल्यावर नसबंदीसाठी पशुवैद्यकांची वेळ घ्यावी.

लवकर दिल्यास काय होते

हेलसिंकी विद्यापीठातील संशोधकांनी 2017 मध्ये सुमारे 5,700 मांजरांची मालकांकडून मिळालेली माहिती तपासली. आठ आठवड्यांपूर्वी आईपासून तुटलेल्या मांजरांत अनोळखी माणसांवर आक्रमकता अधिक आढळली, तर चौदा आठवड्यांच्या आसपास वेगळी झालेली मांजरे स्वतःला अतिरेकी चाटत बसण्यासारख्या वागण्यातही कमी अडकलेली दिसली. ही प्रश्नावलीतून मिळालेली माहिती आहे, त्यामुळे प्रत्येक मांजराचे भविष्य तीतून सांगता येत नाही.

आतेबहिणीच्या बोक्याने मात्र पाच-सहा आठवड्यांतच तिच्या मनगटांची चाळण केली. तो रागाने चावत नव्हता. दुखते कुठे, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. रात्री तो शालीचे टोक तोंडात धरून चोखत बसे. एप्रिलअखेर मी त्याची बहीण तिच्याकडे नेली. आठवडाभर दोघांना वेगळ्या खोल्यांत ठेवून एकाचा पंचा दुसऱ्याच्या अंथरुणावर टाकला, मग दार उघडले. तो चावला की ती किंचाळून पलंगाखाली जाई. माणसांनीही तोच नियम पाळला: दात लागले की हात सैल सोडायचा, ओढायचा नाही, आणि उठून जायचे. साधारण दीड महिन्यात चावे हलके झाले. शाल चोखणे मात्र अजून चालूच आहे.

थांबणे शक्य नसेल तेव्हा

आई दगावली असेल किंवा पिल्लू एकटेच जन्मले असेल, तर त्याच वयाच्या दुसऱ्या पिल्लांत त्याला मिसळता येते का ते पाहावे. तेही जमत नसेल तर लस झालेले शांत, मोठे मांजर बरेचसे शिकवते. भटकी भाटी माणसांपासून पिल्लांना दूर नेत असेल, तर मात्र बारा आठवड्यांचा हट्ट धरू नये. कारण तिथे माणसांची सवय लागण्याचा काळ हातातून निसटत असतो. अशी पिल्ले आठ आठवड्यांच्या सुमारास घ्यावीत, आणि शक्यतो दोन भावंडे एकत्र घ्यावीत.